उघड्या पाइपातलं पाणी शून्याला यायला किती वेळ लागतो: लेहमधल्या दहा मीटर पाइपाचं गणित

लेहमध्ये एक हिवाळा मी सोलर वॉटर हीटरच्या कामासाठी होतो. ज्या घरी राहायचो ते घर अमा-ले चालवायच्या. अमा म्हणजे आई, आणि 'ले' हे आपल्या 'जी'सारखं आदराचं शेपूट. पाण्याची टाकी घरात, माळ्यावर होती. तिथून एक इंची जीआय पाइप भिंतीबाहेर पडायचा आणि उत्तरेच्या भिंतीवरून दहा मीटर उघड्यावर जाऊन पाहुण्यांच्या न्हाणीघरात शिरायचा. एका संध्याकाळी अमा-लेंनी विचारलं, "शेवटचा नळ बंद केल्यावर माझ्याकडे किती वेळ असतो?"

मी मनातल्या मनात हिशेब करून सांगितलं, चार तास तरी. जेवणं आटोपून तासाभरात कुणी नळ उघडला, तर पाणी नव्हतं.

माझी बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर काढलं होतं. पाइपातल्या सगळ्या पाण्याचा वारा नसताना घट्ट बर्फ व्हायला किती वेळ लागेल, ते मी मोजलं. अमा-लेंना हवा होता तो वेळ पाणी शून्याला टेकेपर्यंतचा, कारण धोका तिथून सुरू होतो. हा वेळ कसा काढायचा ते त्याच पाइपाचे आकडे घेऊन पायरीपायरीने सांगतो. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरेल. मोबाइलमधला आडवा धरला की `ln` हे बटण दिसतं.

पायरी १: एका मीटरमध्ये उष्णता किती साठली आहे

हिशेब नेहमी एक मीटर लांबीचा करा. उघड्यावरच्या पाइपातलं पाणी उभं असेल, तर पाइप दोन मीटर असो की वीस, प्रत्येक मीटर आपापला थंड होतो. त्यामुळे लांबीने वेळ बदलत नाही. नवख्या माणसाला हे पटकन पटत नाही, पण लांब पाइपात पाणी जास्त असतं तसाच थंडीला उघडा पडलेला पृष्ठभागही त्याच प्रमाणात जास्त असतो.

एक इंची, मध्यम जाडीच्या जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर आणि भिंत ३.२ मिलिमीटर. म्हणजे आतला व्यास २७.३ मिलिमीटर. एका मीटरमध्ये पाणी मावतं ०.५८५ लिटर. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना ४.२ किलोज्यूल उष्णता सोडतं, म्हणून आपल्या मीटरभर पाण्याचे झाले २.४६ किलोज्यूल.

आता पाइपाची भिंत. बरेच जण ती सोडून देतात. धातूतून उष्णता सहज जाते, मग भिंतीचा काय संबंध, असा विचार असतो. उष्णतेला ती अडवत नाही हे खरंच आहे. पण तिला स्वतःलाही थंड व्हावं लागतं, आणि थंड होताना तीही उष्णता सोडते. या पाइपाचं मीटरमागे वजन २.४१ किलो आहे. पोलादाचा एक किलो एका अंशाला सुमारे ०.४८ किलोज्यूल देतो. म्हणजे भिंतीचे १.१६ किलोज्यूल.

दोन्ही मिळून ३.६२ किलोज्यूल, आणि त्यात जवळजवळ एक तृतीयांश वाटा लोखंडाचा. भिंत सोडली असती तर उत्तर तेवढंच तोकडं आलं असतं. पाइप जितका बारीक, तितका हा वाटा मोठा: अर्ध्या इंची पाइपात तो चाळीस टक्क्यांवर जातो, कारण तिथे पाणी फार कमी होतं पण भिंत त्या मानाने पातळ होत नाही.

पायरी २: उष्णता किती वेगाने बाहेर जाते

इथे दोन गोष्टी लागतात. पहिली सोपी आहे: मीटरभर पाइपाचा बाहेरचा पृष्ठभाग. व्यासाला ३.१४ ने गुणलं की ०.१०६ चौरस मीटर.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा त्या पृष्ठभागावरून उष्णता किती ओढते. तिला `h` म्हणतात. एका चौरस मीटरवरून, एका अंशाच्या फरकाला, सेकंदाला किती ज्यूल जातात, तो हा आकडा. सगळी अनिश्चितता याच्यात भरलेली असते, म्हणून इथे थोडं थांबू.

हवा पूर्ण स्तब्ध असेल तर पाइपाभोवतीची हवा फक्त स्वतःच्या तापमानफरकामुळे हळूहळू हलते, आणि थोडी उष्णता किरणोत्साराने जाते. दोन्ही मिळून `h` साधारण ८ धरावा. सेकंदाला तीन मीटरची झुळूक असेल तर लेहमध्ये तो २५ च्या आसपास येतो. ताशी अकरा किलोमीटरचा हा वारा अंगाला फार जाणवतही नाही, पण पाइपाची उष्णता तो तिप्पट वेगाने नेतो.

"लेहमध्ये" असं मुद्दाम म्हटलं. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. हाच पाइप, हाच वारा आणि हीच थंडी समुद्रसपाटीजवळच्या एखाद्या गावात असती, तर `h` तिशीच्या पुढे गेला असता. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या कुणी हे गणित वाचलं, तर वाऱ्याच्या रात्रीसाठी २५ च्या जागी ३२ धरा. लेहची थंडी कडक असली तरी तिथली हवा पाइपाला जरा सवलत देते.

ही सवलत लेहचं आकाश बऱ्याच अंशी परत घेतं. कोरड्या, निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे तोंड असलेला पाइप आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि वारा नसेल तर हवेपेक्षाही एखाद-दोन अंश खाली उतरू शकतो. म्हणून छज्जाखालच्या पाइपाला आणि गच्चीवर उताण्या पडलेल्या पाइपाला एकच हिशेब लावू नका.

पायरी ३: वेळ काढा

पाइप थंड होताना सुरुवातीला भराभर थंड होतो आणि हवेच्या जवळ येता येता मंदावतो. म्हणून साधा भागाकार चालत नाही, लॉगॅरिदम घ्यावा लागतो. सूत्र असं:

```
t = C / (h × A) × ln((Tw − Ta) / (0 − Ta))
```

`C` म्हणजे पायरी १ मधली एकूण उष्णता, किलोज्यूलऐवजी ज्यूलमध्ये, म्हणजे ३,६२०. `A` म्हणजे ०.१०६. `Tw` हे पाण्याचं सुरुवातीचं तापमान आणि `Ta` हवेचं. अमा-लेंच्या टाकीतलं पाणी १० अंशांवर होतं आणि बाहेर उणे १५, जे लेहच्या जानेवारीतल्या रात्रीला धरून आहे. पाणी आणि हवा यांतलं अंतर सुरुवातीला २५ अंश, आणि पाणी शून्याला पोचेल तेव्हा १५ अंश. वाऱ्याच्या रात्रीचं उत्तर:

```
3620 / (25 × 0.106) × ln(25 / 15) = 698 s
```

म्हणजे पावणेबारा मिनिटं. वारा नसेल तर २५ च्या जागी ८ घाला, छत्तीस मिनिटं येतात. भिंत धरली नसती तर हेच आकडे आठ आणि पंचवीस मिनिटं आले असते.

मी अमा-लेंना चार तास सांगितले होते. नळ बंद झाल्यावर बारा मिनिटांत त्यांचा पाइप शून्यावर होता.

एक मर्यादा लक्षात ठेवा. या सूत्रात आपण धरलं आहे की पाइपातलं सगळं पाणी आणि भिंत एकाच तापमानाला असतात. स्तब्ध हवेत हे बऱ्यापैकी खरं आहे. वाऱ्यात मात्र बाहेरून उष्णता इतक्या वेगाने जाते की भिंतीलगतचं पाणी मधल्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंश थंड असतं. त्यात चार अंशांच्या आसपास पाण्याची घनता तापमानाने फारशी बदलत नाही, त्यामुळे पाइपाच्या आत पाण्याचं आपोआप होणारं ढवळणंही मंदावतं. परिणाम असा की भिंतीजवळचा थर हिशेबापेक्षा दोन-चार मिनिटं आधीच शून्याला पोचतो आणि मध्य थोडा नंतर. तयारी करताना उत्तरातून चौथा हिस्सा वजा करून धरावा, असं मी सांगेन.

शून्याच्या पुढे काय होतं

शून्याला टेकल्या क्षणी बर्फ होत नाही. शांत उभं असलेलं पाणी बहुतेक वेळा शून्याच्या खाली काही अंश उतरतं आणि तरीही द्रवच राहतं. मग कुठेतरी बर्फाचा पहिला कण धरतो आणि क्षणात पाइपभर सुयांसारखे बारीक स्फटिक पसरतात. पाणी उणे ५ पर्यंत उतरलेलं असेल, तर या क्षणी त्याचा जेमतेम सहा-सात टक्के भाग गोठतो. पण त्या सुयांची जाळी एवढी दाट असते की टाकीचा थोडासा दाब तिला ढकलू शकत नाही. आमच्या पाइपाला शून्यावरून उणे ५ ला जायला वाऱ्यात आणखी नऊ मिनिटं पुरतात. म्हणजे नळ बंद केल्यापासून वीस-बावीस मिनिटांत तो बंद पडू शकत होता. पाइप फुटला नव्हता आणि घट्ट बर्फही झाला नव्हता, तरी नळाला पाणी नव्हतं, त्याचं कारण हे.

घट्ट बर्फ व्हायला खूप वेळ लागतो, कारण एक लिटर पाण्याचं बर्फ होताना ३३४ किलोज्यूल बाहेर जावे लागतात. आपल्या मीटरभर पाण्याचे १९५ किलोज्यूल. वाऱ्यात मीटरमागे सुमारे ४० वॉट जातात, तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं. स्तब्ध हवेत सव्वाचार तास. माझे 'चार तास' इथून आले होते.

पाइप फुटतो तो साधारण या दोन टोकांच्या मधल्या काळात. बर्फाची गाठ एका जागी पूर्ण भरते आणि तिच्यात व बंद नळात थोडं पाणी कोंडलं जातं. बर्फ वाढत जातो, त्याला जागा जास्त लागते, आणि कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो. त्यामुळे पाइप बरेचदा बर्फाच्या गाठीजवळ न फुटता गाठ आणि नळ यांच्या मध्ये कुठेतरी फुटतो. नळ किंचित उघडा असेल तर हा दाब निसटून जातो.

प्लास्टिकचा पाइप घेतला तर?

"एचडीपीई टाका, गोठायचं नाही," असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ३२ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर भिंतीचा एचडीपीई पाइप घेऊन हेच गणित करून पाहिलं. त्याची भिंत उष्णतेला थोडी अडवते हे खरं. पण ती हलकी आहे, मीटरमागे पाव किलो. त्यामुळे लोखंडाने जी उष्णता साठवून ठेवली होती ती इथे नाही. पाणी आणि भिंत मिळून जेमतेम २.७ किलोज्यूल. वाऱ्यात वेळ आला अकरा मिनिटं आणि स्तब्ध हवेत तीस. म्हणजे जीआयच्या बरोबरीने किंवा थोडा लवकरच तो शून्याला पोचतो. एचडीपीईचा खरा फायदा वेगळा आहे: तो ताणला जातो, त्यामुळे गोठला तरी सहसा फुटत नाही. त्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

फोम गुंडाळल्यावर

तेरा मिलिमीटर जाडीची फोमची नळी जीआय पाइपावर चढवली, तर वाऱ्याच्या रात्री बारा मिनिटांची पंच्याहत्तर होतात. पंचवीस मिलिमीटरची घेतली तर दोन तासांच्या आतबाहेर. फरक मोठा आहे, आणि वारा असो-नसो आकडा फार हलत नाही, कारण आता उष्णतेला फोम अडवतो आहे, हवा नव्हे. पण लेहची हिवाळ्यातली रात्र बारा तासांहून मोठी. पाणी उभं असेल तर फोम फक्त वेळ वाढवून देतो. संध्याकाळी सातला शेवटचा नळ बंद झाला, तर जाड फोममधला पाइपही नऊला शून्यावर असेल.

फोम बसवताना एल्बो, वॉल्व्ह आणि नळाची मान उघडी सोडू नका. नेमकं तिथेच ते बहुतेक वेळा राहून जातं. उघडा राहिलेला वितीएवढा भाग बारा मिनिटांच्या हिशेबानेच चालतो, आणि पाणी अडायला एकच गाठ पुरते. फोम भिजला तर काढून टाका. भिजलेला फोम उष्णता अडवत नाही.

नळ बारीक चालू ठेवायचा उपाय हवा असेल, तर त्याचंही गणित बसतं. दहा मीटर उघड्या पाइपातून जाताना पाणी शून्याच्या वर राहायला वाऱ्याच्या रात्री ताशी सुमारे पंचेचाळीस लिटर सोडावं लागेल. बारा तासांत पाचशेहून जास्त. टँकरच्या पाण्यावर असणाऱ्या घराला हे परवडत नाही. तेरा मिलिमीटरचा फोम असेल तर ताशी सातेक लिटर पुरतात. तेही सांडपाण्याच्या पाइपात गोठतं, म्हणून त्याची वाट आधी पाहून ठेवा.

तुमच्या पाइपाचा `h` स्वतः मोजा

आठ, पंचवीस, बत्तीस हे माझे आकडे आहेत. तुमच्या भिंतीवरचा आकडा एका संध्याकाळी काढता येतो. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, सेन्सर पाइपाला चिकटपट्टीने बांधा आणि त्यावर कापसाचा छोटा गोळा ठेवून पुन्हा पट्टी मारा, म्हणजे तो हवेचं तापमान दाखवणार नाही. दुसरा थर्मामीटर त्याच भिंतीजवळ हवेत टांगा. मोबाइलवरच्या हवामानाचा आकडा घेऊ नका, तो विमानतळावरचा असू शकतो आणि तुमची उत्तर भिंत त्याहून थंड असते.

पाइपातून दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि नळ बंद करा. पाइप आणि हवा यांत आत्ता किती अंतर आहे ते लिहा, आणि ते अंतर निम्मं व्हायला किती मिनिटं लागतात ते पाहा. समजा हवा उणे ५ आहे आणि पाइप १०. अंतर पंधरा. पाइप अडीच अंशांवर आला की ते साडेसात झालं. याला तीस मिनिटं लागली असं धरू. ही संध्याकाळ मुद्दाम फार थंड नसलेली निवडायची, म्हणजे मोजमाप संपेपर्यंत पाणी शून्याच्या वरच राहतं.

आता `h` ची गरजही उरत नाही. निम्मं व्हायचा वेळ तीस मिनिटं असेल, तर २५ वरून १५ अंशांच्या अंतराला यायला त्याच्या ०.७४ पट वेळ लागतो, म्हणजे बावीस मिनिटं. हा ०.७४ आकडा `ln(25 / 15)` ला `ln(2)` ने भागून येतो. तुमची तापमानं वेगळी असतील तर वरची दोन अंतरं बदला. मोजमाप वाऱ्याच्या संध्याकाळी एकदा आणि वारा नसताना एकदा करा, आणि लहान आलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

अमा-लेंच्या घरी शेवटी काय केलं

एवढं गणित झाल्यावर फोमचा विचार सोडला आणि पाइप रोज रिकामा करायचं ठरलं. लेहमध्ये कितीतरी घरं हेच करतात. माळ्यावर, पाइप भिंतीबाहेर पडण्याआधी, एक वॉल्व्ह बसवला. पाइपाला नळाकडे सलग उतार दिला, आणि सगळ्यात खालच्या जागी ड्रेन कॉक. रात्री वरचा वॉल्व्ह बंद करायचा, त्याच्या लगेच पुढे बसवलेली हवेची तोटी उघडायची आणि मग ड्रेन कॉक. हवेची तोटी उघडायला विसरलं तर स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट धरल्यासारखं पाणी पाइपातच लटकून राहतं. खालून चार थेंब पडतात आणि वाटतं, झाला रिकामा.

म्हणून पहिल्या दिवशी ड्रेन कॉकखाली बादली ठेवली. दहा मीटर पाइपातून पाच लिटर आणि आठशे मिलिलिटर यायला हवं होतं. मापून पाहिलं तर साडेचार लिटरच आलं. सव्वा लिटर, म्हणजे दोन मीटरहून अधिक पाइपाएवढं पाणी, कुठेतरी पोटात साचून होतं. उजेडात भिंतीला दोरी लावून पाहिली, तर मधल्या दोन क्लॅम्पच्या मध्ये पाइप झोळासारखा खाली आला होता. तिथे एक क्लॅम्प वाढवला. दुसऱ्या संध्याकाळी बादलीत पावणेसहा लिटर आलं.